चॅटमधून पैसे पाठवताय? आधी पडद्यावरचे नाव वाचा

‘व्हॉट्सॲपवर बँक खाते जोडायला गेले की मधेच अडकते’, ‘जोडले, पण त्यामुळे खाते उघडे पडले नाही ना?’, ‘घाईत भलत्यालाच पैसे गेले, आता परत कसे मिळवायचे?’ वाचकांच्या पत्रांत हे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. तिन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्याने या वेळी एकत्रच देत आहे. फोनपे, गुगल पे वापरणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल. पण गप्पांच्या खिडकीतूनच पैसे जातात तेव्हा काही धोके वेगळे असतात, म्हणून इथे व्हॉट्सॲपचाच विचार केला आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. व्हॉट्सॲपमध्ये तुमचे पैसे कुठेही साठत नाहीत. तिथे पाकीट नाही, शिल्लक नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 2016 मध्ये सुरू केलेल्या यूपीआय व्यवस्थेतून पैसे तुमच्या बँक खात्यातून निघतात आणि थेट समोरच्याच्या बँक खात्यात जमा होतात. व्हॉट्सॲपला ही सोय देण्याची परवानगी नोव्हेंबर 2020 मध्ये मिळाली, पण किती जणांना ती द्यायची यावर बंधन होते. ते 2024 च्या शेवटी उठले. म्हणून ‘मला पूर्वी हा पर्याय दिसत नव्हता, आता दिसतो’ असे अनेकांचे झाले आहे.

कोणते खाते जोडावे

पगाराचे किंवा निवृत्तिवेतनाचे मुख्य खाते जोडू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. रोजच्या देण्याघेण्यासाठी दुसरे बचत खाते ठेवा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे वळवा आणि तेच जोडा. उद्या काही विपरीत घडले, तरी नुकसान त्या खात्यातल्या रकमेपुरतेच राहील.

हा सल्ला सर्वांत जास्त लागू होतो तो ज्यांच्या बचत खात्याला मुदत ठेव जोडलेली असते त्यांना. अशा खात्यात ठरावीक रकमेच्या वरचे पैसे बँक आपोआप ठेवीत वळवते आणि खात्यात कमी पडले की ठेव मोडून भरून काढते. यूपीआयवरून मोठी रक्कम गेली, तर ठेवही मोडली जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या खात्यांवर ही सोय बऱ्याचदा सुरू असते आणि त्यांना त्याची कल्पना नसते. बँकेत जाऊन एकदा विचारून घ्या.

संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही’ चालवू शकत असेल, तर सहसा जोडता येते. दोघांच्या सह्या लागत असतील, तर येत नाही. तुमचे पैसे पतसंस्थेत असतील, तर ते खाते यादीत शोधू नका. पतसंस्था ही बँक नव्हे, तिथल्या खात्याला यूपीआय मिळत नाही. नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांपैकी काही या व्यवस्थेत आहेत, काही नाहीत. यादीत तुमच्या बँकेचे नाव नसेल, तर चूक तुमच्या फोनची नाही. शाखेत विचारा, म्हणजे शोधाशोध वाचेल.

खाते जोडण्याची पद्धत

बसण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी ठेवा: डेबिट कार्ड, चालू असलेले इंटरनेट, आणि बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम. हे सिम याच फोनमध्ये हवे आणि व्हॉट्सॲपही याच क्रमांकावर सुरू असायला हवे. सगळी जोडणी या एका अटीवर उभी आहे.

1. व्हॉट्सॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घेतलेले असावे आणि ताजे करून घ्यावे. कुणी चॅटमध्ये पाठवलेल्या ‘जादा सोयींच्या’ व्हॉट्सॲपवर खाते कधीही जोडू नये.
2. अँड्रॉइड फोनवर वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबून `Payments` निवडा. आयफोनवर हा पर्याय सेटिंग्जमध्ये असतो. तिथे `Add payment method` दिसेल.
3. अटी मान्य करून यादीतून तुमची बँक निवडा.
4. आता ॲप तुमच्या सिमवरून बँकेच्या पडताळणीसाठी एक सांकेतिक एसएमएस पाठवते. तो पाठवण्याची परवानगी द्या. त्याचे साधे एसएमएसचे पैसे लागू शकतात.
5. त्या क्रमांकाशी जोडलेली तुमची खाती पडद्यावर येतील. त्यांतले हवे ते निवडा.
6. यूपीआय पिन आधी दुसऱ्या ॲपवर ठेवलेला असेल, तर त्या खात्यासाठी तोच चालतो. नसेल, तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि बँकेकडून आलेला ओटीपी टाकून चार किंवा सहा अंकी पिन ठेवा. काही बँका कार्डाऐवजी आधारवरून ओटीपी घेऊन पिन ठेवू देतात.

जोडणी झाली की तुमच्या नावाचा यूपीआय आयडी तयार होतो. त्याच्या शेवटी `@waicici`, `@wahdfcbank`, `@waaxis` किंवा `@wasbi` यांपैकी काहीतरी दिसते. तुमचे खाते बँक ऑफ महाराष्ट्रचे असले, तरी शेपटीला दुसऱ्याच बँकेचे नाव आल्याने पुष्कळ जण दचकतात. काळजी नको. व्हॉट्सॲप या मोजक्या बँकांमार्फत यूपीआयशी जोडलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

चौथ्या पायरीवर जरा थांबतो, कारण खरी चावी तिथे आहे. तो सांकेतिक एसएमएस तुमच्या सिमवरून गेला की बँक मानते, ‘हा फोन या खातेदाराचाच आहे.’ म्हणूनच ठग कधी कधी ओटीपी मागतच नाहीत. ते अक्षर-अंकांची एक लांबलचक जुळवणी तुम्हाला चॅटवर पाठवतात आणि ‘केवायसीसाठी हा मेसेज अमुक क्रमांकावर एसएमएस करा’ म्हणतात. तुम्ही तो पाठवलात, की तुमच्या क्रमांकावरचे यूपीआय त्यांच्या फोनवर सुरू व्हायचा मार्ग मोकळा होतो. पुढे त्यांना फक्त कार्डाचे अंक, ओटीपी आणि पिन काढून घ्यायचा उरतो. खरा पडताळणीचा एसएमएस ॲप स्वतः पाठवते. तो तुम्हाला हाताने लिहावा किंवा पुढे ढकलावा लागत नाही.

जोडणी कुठे अडते

बहुतेक तक्रारींची कारणे ठरलेली आहेत आणि ती घरबसल्या ओळखता येतात.

- ‘पडताळणी अयशस्वी’ असे येते: सिमवर बाहेर एसएमएस जाण्याइतका रिचार्ज नाही, किंवा दोन सिमच्या फोनमध्ये एसएमएस दुसऱ्याच सिमवरून जातो आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये एसएमएससाठी योग्य सिम निवडा आणि साधा एसएमएस एखाद्या घरच्याला पाठवून पाहा. तो गेला नाही, तर दोष तिथेच.
- ‘खाते सापडले नाही’ असे येते: बँकेत जुना क्रमांक नोंदलेला आहे. गावाकडच्या खात्यांवर हे सर्रास दिसते. खाते उघडताना मुलाचा किंवा पतीचा क्रमांक दिलेला असतो. यावर उपाय एकच, शाखेत जाऊन क्रमांक बदलणे.
- कार्डाचे अंक स्वीकारत नाही: कार्डाची मुदत संपली आहे, किंवा नवे कार्ड टपालाने येऊन पाकिटातच पडून आहे. नवे कार्ड आधी सुरू करावे लागते. बहुतेक बँकांत ते एटीएमवर पिन ठेवून होते.
- खाते दिसते पण व्यवहार होत नाही: दोन वर्षे त्यात तुम्ही काहीच व्यवहार केला नसेल, तर बँक ते निष्क्रिय करते. केवायसीची कागदपत्रे देऊन ते पुन्हा सुरू करून घ्यावे लागते.

यातले काहीही अडले, तरी गुगलवर ‘व्हॉट्सॲप पेमेंट हेल्पलाइन’ शोधून सापडेल त्या क्रमांकावर फोन करू नका. अशा शोधात वर दिसणारे काही क्रमांक ठगांनीच पेरलेले असतात. मदतीचा क्रमांक ॲपच्या आत, बँकेच्या पासबुकावर किंवा डेबिट कार्डाच्या मागे पाहावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आणखी एक. जोडणी केल्यापासूनचे पहिले 24 तास साधारण 5,000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात. त्यानंतर एका दिवसात माणसाला माणसाने पाठवण्याची यूपीआयची नेहमीची मर्यादा 1 लाख रुपये आहे. काही बँका ती कमी ठेवतात. मुलाच्या शुल्काची अखेरची तारीख उद्या आहे म्हणून आज नवे खाते जोडून 20,000 पाठवायला गेलात, तर ते जाणार नाहीत. जोडणी एक-दोन दिवस आधी करून ठेवा.

दोन नावे, आणि त्यांतले खरे कोणते

आता या लेखाचा गाभा. चॅटच्या माथ्यावर जे नाव दिसते, ते तुम्हीच तुमच्या फोनमध्ये टिपलेले असते. अनोळखी क्रमांक असेल, तर त्या माणसाने स्वतःला जे नाव दिले तेच दिसते. फोटोही त्याने लावलेला. त्या नावाची किंवा फोटोची कुणीही पडताळणी केलेली नसते.

दुसरे नाव बँकेचे. रक्कम टाकून पुढे गेलात, की पिन टाकण्याआधीच्या पडद्यावर समोरच्याच्या बँक खात्यातले नाव दिसते. 30 जून 2025 पासून सर्व यूपीआय ॲपना हेच नाव दाखवणे बंधनकारक आहे. तुम्ही टिपलेले टोपणनाव किंवा क्यूआरमध्ये घातलेले नाव इथे दाखवता येत नाही. पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे सांगणारा तुमच्या हातातला हा एकमेव पुरावा. दुर्दैवाने बहुतेक जण तो पडदा अर्ध्या सेकंदात ओलांडतात.

समजा, पुण्यात शिकणाऱ्या भाचीला मेसचे 3,500 रुपये पाठवायचे आहेत. तुमच्या फोनमध्ये ती ‘छकुली’ म्हणून आहे. तिची चॅट उघडा आणि खालच्या ओळीतली ₹ खूण दाबा. ती दिसत नसेल, तर जोडपत्राच्या खुणेत पेमेंटचा पर्याय असतो. 3500 टाका आणि टिपणीत ‘मेस, जुलै’ लिहा. पुढे महिन्यांनी हिशेब काढताना ही टिपणी फार उपयोगी पडते. आता पडद्यावर तिचे शाळेच्या दाखल्यावरचे पूर्ण नाव येईल. इथे तीन गोष्टी वाचा, शक्यतो ओठ हलवून: नाव, रकमेतली शून्ये, आणि कोणत्या खात्यातून पैसे जात आहेत. मगच पिन टाका.

नाव जुळत नसेल तेव्हा लगेच फसवणूकच आहे असे समजू नका. आपल्याकडे याची साधी कारणे पुष्कळ असतात. लग्नानंतर नाव बदलले, पण बँकेत माहेरचेच राहिले. क्रमांक वापरतो मुलगा, खाते आहे वडिलांचे. आडनाव आधी, नाव नंतर. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या क्यूआरवर त्याच्या पत्नीचे नाव येते. अशा वेळी समोरच्यालाच मोठ्याने विचारा, ‘खाते कुणाच्या नावावर आहे?’ तुम्ही पडद्यावरचे नाव सांगायचे नाही, त्याने सांगायचे. जुळले तर पाठवा.

पण एका प्रसंगात नाव न जुळणे फार गंभीर असते. बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान 90 दिवसांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तुमच्या फोनमध्ये ‘जोशी काका’ म्हणून असलेला पाच-सहा वर्षांपूर्वीचा क्रमांक आज कुणा भलत्याकडे असू शकतो. चॅटवर अजूनही ‘जोशी काका’च दिसेल, कारण ते नाव तुमच्या फोनचे आहे. बँकेचे नाव मात्र खरा मालक सांगेल. बरेच दिवस बोलणे नसलेल्या कुणालाही पैसे पाठवण्याआधी म्हणूनच एक फोन करावा.

रक्कम मोठी असेल आणि खाते पहिल्यांदाच समोर आले असेल, तर आधी 1 रुपया पाठवा. फोनवर ‘आला का?’ विचारा आणि उरलेली रक्कम त्याच चॅटमधून, आधीच्या व्यवहारावरूनच पाठवा. क्रमांक पुन्हा हाताने टाकू नका. मात्र एक रुपयाने कळते ते एवढेच, की पैसे योग्य खात्यात पोहोचतात. ऑनलाइन जुना फ्रीज विकणारा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वस्तू हातात पडल्यावरच पैसे देण्याचा जुना नियम अजूनही उत्तम आहे.

ओळखीच्या चॅटमधून आलेली मागणी

सर्वांत जास्त फसगत इथे होते. रविवारी सकाळी शाळेतल्या जुन्या मित्राच्या चॅटमध्ये निरोप येतो: ‘दवाखान्यात आहे, 15,000 अर्जंट हवेत, संध्याकाळी परत करतो.’ फोटो त्याचाच, क्रमांक त्याचाच, वर त्याच्याशी झालेल्या जुन्या गप्पाही तिथेच. शंका यावी असे काही नाही. दोन मिनिटांनी पुढची ओळ येते: ‘माझे यूपीआय चालत नाहीये, या क्रमांकावर टाक’, आणि सोबत दुसराच क्रमांक किंवा क्यूआर.

ही दुसरी ओळ नीट पाहा. मित्राचे व्हॉट्सॲप कुणीतरी बळकावलेले असू शकते. सहा अंकी नोंदणी कोड गोड बोलून काढून घेतला की ते होते. पण बळकावणाऱ्याच्या हाती गप्पा येतात, सिम येत नाही. सिम नसल्याने वर सांगितलेला पडताळणीचा एसएमएस तो पाठवू शकत नाही, आणि मित्राच्या क्रमांकाला जोडलेले बँक खाते त्याच्या ताब्यात जात नाही. मित्राच्या चॅटमधली ₹ खूण दाबून पैसे पाठवले, तर ते मित्राच्याच खात्यात जातील. म्हणून त्याला तुम्हाला त्या खुणेपासून दूर न्यावेच लागते. ओळखीच्या चॅटमधून पैशांची मागणी आणि सोबत दुसरा क्रमांक, दुसरा आयडी किंवा क्यूआर, ही जोडी दिसली की थांबा.

मग काय करायचे? मित्राला साधा फोन लावा. व्हॉट्सॲपवरून फोन करू नका, कारण तो चोराच्या हाती जाऊ शकतो. उचलला नाही, तर त्याच्या घरच्यांना लावा. खात्री होईपर्यंत एक रुपयाही नको. आणि चोरी आहे असे कळले, तर दोघांच्या ओळखीच्या गटांत लगेच लिहा, कारण तोच निरोप त्या वेळी आणखी अनेकांना गेलेला असतो.

पैसे घ्यायला पिन लागत नाही

हे वाक्य आता बऱ्याच जणांना पाठ आहे, तरी फसवणूक थांबलेली नाही, कारण तिने रूप बदलले. पूर्वी ठग ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवत आणि तुम्हाला पिन टाकायला लावत. 1 ऑक्टोबर 2025 पासून माणसाने माणसाकडे अशी यूपीआय विनंती पाठवण्याची सोय बंद करण्यात आली. आता जोर आहे तो क्यूआरवर आणि खोट्या निरोपांवर.

क्यूआर फक्त पैसे देण्यासाठी स्कॅन करतात. ‘तुमचे बक्षीस किंवा परतावा घ्यायला हा स्कॅन करा’ असे कुणी म्हणाले, तर तो तुमच्याकडून घेणार आहे.

दुसरा प्रकार अधिक कावेबाज आहे. तुम्हाला एसएमएस येतो, ‘आपल्या खात्यात 10,000 जमा.’ मागोमाग रडवेला फोन येतो, ‘चुकून तुम्हाला गेले, आईच्या औषधाचे आहेत, लगेच परत करा.’ एसएमएस नीट उघडून पाठवणाऱ्याकडे पाहा. बँकेचा निरोप अक्षरी नावावरून येतो आणि अलीकडे त्याच्या शेवटी `-S` किंवा `-T` असते. साध्या दहा अंकी मोबाइलवरून आलेला ‘जमा’चा निरोप बँकेचा नसतो. आणि एसएमएसवर निर्णय घ्यायचाच नाही. ॲपमध्ये शिल्लक तपासा. खरोखरच पैसे आले असतील, तरी स्वतः उलटे पाठवू नका. समोरच्याला म्हणा, ‘तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेने विचारले की मी संमती देतो.’ असे आलेले पैसे कधी कधी दुसऱ्याच कुणाला लुबाडून वळवलेले असतात, आणि परत पाठवणाऱ्याचे खाते तपासात गोठवले जाऊ शकते.

चॅटमध्ये येणाऱ्या पेमेंटच्या छायाचित्रावरही विश्वास ठेवू नका. व्हॉट्सॲपवरून खरोखर पैसे आले, तर चॅटमध्ये दाबता येणारी व्यवहाराची चौकट येते आणि आत 12 अंकी संदर्भ क्रमांक असतो. नुसते छायाचित्र कुणीही बनवू शकतो. दुकान चालवणाऱ्यांनी तर खात्यात रक्कम दिसल्याखेरीज माल सोडूच नये.

आणि दोन सवयी कटाक्षाने टाळा. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा सरकारी योजनेचा अर्ज म्हणून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट `.apk` असा असेल, तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. ते फोनमध्ये शिरून तुमचे एसएमएस वाचू शकते. दुसरे, व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर कुणाच्या सांगण्यावरून फोनचा पडदा दाखवणे. पिनचे अंक टिंबांत लपतात, पण त्याच वेळी वर आलेला ओटीपी समोरचा आरामात वाचतो.

पैसे अडकले, चुकले किंवा लुबाडले गेले तर

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींत तुमचा हक्क वेगवेगळा आहे. लोक सगळ्यांना एकच समजतात आणि चुकीच्या दारी जातात.

खात्यातून वजा झाले, समोरच्याला मिळाले नाहीत. व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर पुन्हा पाठवू नका. दुप्पट पैसे जाण्याचे हेच नेहमीचे कारण असते. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार माणसाने माणसाला पाठवलेली अशी रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला दिली असेल, तर पाच दिवसांपर्यंत. त्यापुढे उशीर झाला, तर प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची आहे. ती आली नाही, तर लेखी मागा.

चुकीच्या माणसाला गेले. इथे व्यवहार यशस्वी झालेला असतो, म्हणून तो आपोआप उलटत नाही. आधी व्हॉट्सॲपमध्ये त्या व्यवहारावर दाबून तक्रार नोंदवा, मग संदर्भ क्रमांकासह तुमच्या बँकेला लेखी द्या. बँक समोरच्या बँकेमार्फत त्या खातेदाराला विचारते. त्याच्या संमतीशिवाय बँक पैसे काढून घेऊ शकत नाही, हे मान्य करून चाला. म्हणूनच नाव वाचण्यावर मी एवढा भर दिला.

फसवणूक झाली. पहिला फोन 1930 वर करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवण्यासाठी बँकांना कळवले जाते. ठग पैसे मिनिटा-मिनिटांत पुढच्या खात्यांत वळवत असल्याने ‘उद्या सकाळी पाहू’ म्हणून चालत नाही. त्यानंतर बँकेला कळवा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार भरा. संदर्भ क्रमांक, ठगाचा क्रमांक, त्याचा यूपीआय आयडी आणि चॅटची छायाचित्रे जपून ठेवा. रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे.

आता जबाबदारी कुणाची? रिझर्व्ह बँकेचा 2017 पासूनचा नियम असा, की तुमचा आणि बँकेचाही दोष नसताना कुणी तिसऱ्याने तुमच्या खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमचे नुकसान शून्य. बँकेने ती रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत तुमच्या खात्यात तात्पुरती जमा करायची आहे. तुमचा दोष होता हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर आहे. पण तुम्ही ओटीपी किंवा पिन सांगितलात, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतरचे मात्र बँकेचे, म्हणून चूक तुमची असली तरी लाजून गप्प बसू नका. तुम्ही स्वतःच पिन टाकून ठगाला पैसे पाठवले असतील, तर बँक तो तुमच्या संमतीचा व्यवहार मानते आणि पैसे मिळणे पोलिसांनी ते वेळेत गोठवले का यावर अवलंबून राहते. हे कठोर वाटेल, पण वस्तुस्थिती अशी आहे.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

फोन किंवा सिम बदलताना

व्हॉट्सॲप फोनमधून काढून टाकले म्हणजे बँक खाते सुटले, असे होत नाही. जुना फोन विकण्याआधी किंवा घरात दुसऱ्याला देण्याआधी `Payments` मध्ये जाऊन खाते आधी काढा. नव्या फोनवर गप्पा परत आल्या, तरी पेमेंटची जोडणी सिमसह पुन्हा करावी लागते. क्रमांक कायमचा सोडत असाल, तर आधी बँकेत नवा क्रमांक नोंदवा, मगच जुने सिम बंद होऊ द्या. आणि फोन चालू, रिचार्ज शिल्लक, तरीही सिमचे नेटवर्क अचानक तासन्तास गायब झाले, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की तुमच्या नावाने दुसरे सिम निघाले आहे का. उत्तर ‘हो’ आले, तर त्याच फोनवरून लगेच बँकेला सांगून यूपीआय थांबवा.

घरातल्या ज्येष्ठांसाठी एक विनंती. 1930 आणि त्यांच्या बँकेचा मदत क्रमांक आजच त्यांच्या फोनमध्ये टिपून द्या, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोन ठेवतात त्या जागी लावा. फोनच बंद पडला किंवा दुसऱ्याच्या ताब्यात गेला, तर तो कागदच कामी येतो.